हक्कसोडपत्राची फी आणि तीन वकील

अमळनेरजवळ आमची वडिलोपार्जित साडेतीन एकर. वडील गेल्यावर वारस नोंद झाली, आईसह आम्हा पाचही जणांची नावं सातबाऱ्यावर लागली. तिन्ही बहिणींनी आपणहून हक्क सोडायचं ठरवलं. सुरतची ताई फोनवर एवढंच म्हणाली, "तू बलाव, मी येस."

बहिणींचं ठरलं, आता वकील शोधायचा.

पहिल्याने जमिनीची किंमत विचारली. चोवीस लाख म्हटल्यावर म्हणाला, एक टक्का. म्हणजे चोवीस हजार! मला हे पटलंच नाही. जमीन दोन लाखांची असती तरी मजकूर तोच, गट नंबर आणि चतु:सीमा तेवढ्याच, सह्याही तेवढ्याच. वडिलोपार्जित मिळकतीत बहीण भावाच्या नावे विनामोबदला हक्क सोडते तेव्हा सरकारसुद्धा मुद्रांक शुल्क किमतीवर घेत नाही, ठरावीक शेकड्यातली रक्कम घेतं. खरेदीखतात मुद्रांक किमतीवर असतो, तिथली टक्केवारी लोक इथेही निमूट मान्य करतात.

दुसऱ्याने मसुद्याचे दोन हजार आणि दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्येक खेपेला दीड हजार सांगितले. ऐकायला हाच स्वस्त. पण खेपा किती होतील हे वकिलाच्याही हातात नाही. कधी सर्व्हर बंद. कधी एका बहिणीला रजा नाही. आमच्या मधल्या बहिणीचं तर आधारवर सासरचं नाव आणि सातबाऱ्यावर माहेरचं, तेवढ्यावरून एक दिवस गेलाच असता. आणि नोंदणी म्हणजे कोर्टाची तारीख नव्हे. तिथे लागतात सही करणारे आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार. वकील शेजारी उभा राहिला तर बरं, एवढंच.

तिसऱ्याने ठोक आठ हजार सांगितले. मी विचारलं, "साहेब, यात काय काय?" त्यांनी सातबाऱ्याच्या पाठीवरच लिहून दिलं: मसुदा, दुरुस्त्या, ऑनलाइन डेटा एंट्री, नोंदणीच्या दिवशी हजेरी, मग ती एकदा असो की तीनदा. मुद्रांक आणि नोंदणी फी वेगळी, चलन माझ्या नावाने. हा शेवटचा मुद्दा सोडू नका. "सगळं मिळून पंधरा" असं कोणी म्हटलं की सरकारी किती आणि वकिलाचे किती, हे कळतच नाही. चलनावर आकडा छापलेला असतो, तो बघा.

ठोक फीत एक गोष्ट राहून गेली: फेरफार. दस्त झाला की तलाठ्याकडे नोंद पडते, नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. त्यासाठी वकील लागतोच असं नाही, मी स्वतः चकरा मारल्या. मात्र कोणी हरकत घेतली की नोंद तक्रारी होते, सुनावण्या लागतात, आणि किती ते कोणीच सांगू शकत नाही. तारखेप्रमाणे फी तिथे रास्त, आणि तेव्हा मी दुसऱ्याकडेही गेलो असतो.