माळ नव्हे, वाहता पाट: ध्वनींच्या 'मण्यां'ना उत्तर

"मराठी जशी लिहितो तशीच बोलतो. शब्द म्हणजे ध्वनींची माळ. 'नाशिक' म्हणजे न्-आ-श्-इ-क्, पाच सुटे मणी. शेजारी कोण आहे यावर मणी बदलत नाही. बदललाच तर तो बोलणाऱ्याच्या जिभेचा आळस. मुलांकडून एकेक ध्वनी सुटा घोटून घ्या, उच्चार आपोआप शुद्ध होतील."

हा मजकूर गेल्या महिन्यात मला चार वेगवेगळ्या जणांनी पाठवला. त्यातले दोघे शिक्षक आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात सुट्या मण्यांपासून करते, कारण हा प्रयोग मी स्वतःच्या हातांनी केला आणि तो फसला. नाशिकमध्ये आम्ही काही जण अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. वाचणारे वेगळे असतात, मी मागाहून कापाकापी करते. एका गोष्टीत वाक्य होतं, "पाट भरून वाहत होता." गंगापूर धरणाच्या पाटाकाठी वाढलेल्या माणसाला यात अडखळण्यासारखं काही नाही, पण वाचणाऱ्या काकूंच्या तोंडून "पान भरून" असं गेलं. एका अक्षरासाठी त्यांना परत कशाला बोलवायचं, असा विचार करून मी संगणकावर 'पान'मधला न् काढला आणि त्याच पानावरच्या 'टाकी' शब्दातला ट् तिथे चिकटवला. शब्द जर माळ असेल, तर एक मणी काढून दुसरा ओवला की काम झालं पाहिजे.

झालं नाही. घरात तिघांना ऐकवलं. दोघांना "पांट" ऐकू आलं, एकीला "पांत". "पाट" कोणालाच ऐकू आलं नाही.

'पान'मधला न् मी पुरता काढला होता, याची लाटेच्या आलेखावर खात्री केली होती. तरी तो गेला नव्हता, कारण तो आधीच आ मध्ये शिरलेला होता. न् म्हणताना हवा नाकातून जावी लागते आणि त्यासाठी तोंडाच्या छताचा मागचा मऊ भाग, म्हणजे मऊ टाळू, खाली यावा लागतो. हा मांसल पडदा जिभेच्या टोकाइतका चपळ नाही. जीभ दातांमागे टेकेल त्या क्षणी नाकाची वाट उघडी हवी असेल, तर पडद्याला आधीच निघावं लागतं. तो आ चालू असतानाच निघतो. म्हणून 'पान'मधल्या आ चा उत्तरार्ध नाकातून येतो. मी न् कापला, पण त्याची चाहूल आ मध्ये तशीच राहिली.

"पांत" ऐकणाऱ्या माझ्या भाचीचा कानही बरोबर होता. ट् साठी जिभेचं टोक मागे वळतं आणि ते वळणंही आधीच्या स्वरात सुरू होतं. 'पात' आणि 'पाट' म्हणून पाहा, आणि आ च्या शेवटाकडे जीभ कुठे चालली आहे त्याकडे लक्ष द्या. आपला कान त ट मधला फरक मोठ्या प्रमाणात त्या वळत्या आ मधून टिपतो. माझ्या चिकटवलेल्या ट् च्या आधी न् कडे निघालेला, जीभ न वळलेला आ होता. स्वर एक सांगत होता आणि व्यंजन दुसरंच.

पुढच्या ध्वनीची तयारी आधीच्या ध्वनीत दिसते, तेव्हा तिला पूर्वतयारीचा सहोच्चार म्हणता येईल. उलट मागच्या ध्वनीचा अंमल पुढच्यात रेंगाळतो तो मागचा ओढा. चार साधे शब्द घेतले तर दोन्ही एकदम समजतात: पाप, पान, माप, मान. लिहिताना चारही शब्दांत आ ची तीच एक काठी आहे. ध्वनिमुद्रण करून प्रत्येकातला फक्त आ निवडा आणि तेवढाच पुन्हापुन्हा ऐका. 'पाप'मधला कोरा आहे. 'पान'मधला शेवटाकडे नाकात जातो. 'माप'मध्ये उलट: म् साठी उघडलेला पडदा मिटायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात नाकातली आणि शेवट कोरा, कारण प् साठी तोंडात हवा कोंडायची तर नाकाची वाट बंदच हवी. 'मान'मध्ये दोन्हीकडून ओढ असल्याने पडद्याला मिटायला सवडच मिळत नाही आणि अख्खा आ आँ सारखा ऐकू येतो. कापताना स्वराच्या दोन्ही टोकांना न् किंवा म् चा तुकडा राहू देऊ नका, नाहीतर त्याचंच नाकातलं गुणगुणणं तुम्ही स्वराचं समजाल.

'नाशिक'मधले पाच मणी शोधायला गेलात तरी हेच होतं. न् नंतरचा आ नाकात सुरू होतो. श् चा फुत्कार चालू असताना जीभ इ साठी पुढे वर आलेली असते. क् चा तर स्वतःचा आवाज फारसा नसतोच. जीभ टेकली की शांतता. तो क् आहे, प् किंवा त् नाही, हे बरंचसं इ च्या शेवटच्या वळणावरून कळतं.

आता लिहिण्या-बोलण्याविषयी. इथे मला नवल वाटतं, कारण आपली लिपीच हा दावा मोडते. नाशिकची नावं घ्या: गंगापूर, पंचवटी, पांडवलेणी, इंदिरानगर, त्र्यंबकेश्वर. पाचही ठिकाणी डोक्यावर एकच टिंब आहे. पण गंगापूरमध्ये ते ङ् आहे, पंचवटीत ञ्, पांडवलेणीत ण्, इंदिरानगरात न् आणि त्र्यंबकेश्वरात म्. ते टिंब काय वाचायचं हे पुढचं अक्षर ठरवतं. व्याकरणात यालाच परसवर्ण म्हणतात आणि पाणिनीने त्याचं सूत्र दिलं आहे: अनुस्वारस्य ययि परसवर्णः। पुढच्याचा सवर्ण होतो, म्हणजेच शेजाऱ्यामुळे बदलतो.

एक भेद मात्र पाळला पाहिजे. हे टिंब आणि 'पान'मधला नाकात जाणारा आ एकाच जातीचे नाहीत. गंगापूर कितीही सावकाश म्हणा, तो ङ् ङ् च राहतो. तो भाषेचा नियम झाला आहे. 'पान'मधलं नाकात जाणं कमीजास्त होतं: सावकाश, ताणून म्हटलं तर आ चा बराच भाग कोरा राहतो, भरभर म्हटलं तर जवळजवळ सगळा व्यापला जातो. एखादा बदल नियम आहे की सहोच्चार, हे ओळखायची सोपी रीत म्हणजे वेग बदलून तोच शब्द पुन्हा म्हणवून घेणं.

आळसाचा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो मुलांवर जाऊन पडतो. आरशासमोर उभं राहून 'सीमा' म्हणा, मग 'सूप' म्हणा, पण दोन्ही वेळा स् वरच थांबा. 'सूप'च्या वेळी ओठ आधीच गोल झालेले दिसतील. उ अजून आलेला नाही, आवाज फक्त सुस्काऱ्याचा आहे, तरी ओठ उ च्या तयारीत आहेत. त्यामुळे सुस्कारासुद्धा बदलतो: 'सूप'चा खालच्या पट्टीत, 'सीमा'चा वरच्या. मी नुसते सुस्कारे कापून घरच्यांना ऐकवले, तर पुढे ई येणार की ऊ हे त्यांनी बहुतेक वेळा अचूक सांगितलं. आळशी माणूस पुढचं काम आधी करून ठेवत नाही. पुढचा स्वर कोणता हे मेंदूने ठरवल्याशिवाय ओठ गोल होऊच शकत नाहीत. मागच्या ओढ्यात अवयवांच्या जडपणाचा वाटा आहे हे मान्य, पण तो जडपणा उत्तम वक्त्याच्या टाळूलाही आहे.

आणि सुटे मणी खरंच एकामागून एक टाकले तर ऐकणाऱ्याचं काय होतं, हेही करून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत 1940च्या दशकात अंधांसाठी वाचनयंत्र बनवायचा प्रयत्न झाला. छापील अक्षरागणिक एक ठरावीक आवाज, अशी कल्पना होती. सराव करूनही ऐकणाऱ्यांचा वेग मोर्स संकेतांच्या फार पुढे जाईना. वेग वाढवला की आवाज एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरायची. साध्या बोलण्यात मात्र आपण सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी सहज ऐकतो. ते जमतं कारण प्रत्येक क्षणाच्या आवाजात दोन-तीन ध्वनींची खबर एकदम असते. मजकूर ज्याला आळस म्हणतो, त्याच्यामुळेच बोलणं या वेगाने ऐकता येतं.

राहिलं घोटून घेणं. क् सुटा म्हणायला सांगा, मूल 'क' म्हणेल, कारण स्वराच्या आधाराशिवाय क् ऐकूच येत नाही. मग न्-आ-श्-इ-क् चं 'न-आ-श-इ-क' होतं आणि प्रत्येक व्यंजनाला एक पाहुणा अ चिकटतो. तो अ काढून टाकून पुन्हा 'नाशिक' बनवायचं ओझं मुलावर. अक्षरओळख शिकवताना ध्वनी वेगळे करून दाखवणं उपयोगाचं आहे, त्याला माझा विरोध नाही. वाचा-उपचार करणारेसुद्धा 'काका'ला 'ताता' म्हणणाऱ्या मुलाकडून आधी क वेगळा काढून घेतात. पण ते तिथे थांबत नाहीत: लगेच का, की, कू, मग आक, ईक, मग शब्द, कारण 'की'मधला क् टाळूच्या जरा पुढे टेकतो आणि 'कू'मधला मागे, ओठ गोल ठेवून. एक जमला म्हणून दुसरा जमेलच असं नाही.

माझी ती दुरुस्तीही शेवटी याच वाटेने झाली. नोंदवलेल्या आवाजाचे तुकडे जोडून यंत्राकडून बोलवून घेण्याची एक जुनी पद्धत आहे. तिच्यात ध्वनी कडेला कापत नाहीत, मधोमध कापतात, म्हणजे एकातून दुसऱ्यात जाण्याचं अख्खं वळण एका तुकड्यात शाबूत राहतं. मी काकूंचीच दुसरी पानं चाळली. एका वाक्यात 'वाट' सापडली, साधारण त्याच पट्टीतली. 'पान'चा आ मधोमध कापून प् कडचा अर्धा ठेवला, 'वाट'चा आ मधोमध कापून ट् कडचा अर्धा घेतला आणि दोन्ही जोडले. पडदा बंद असलेला, जीभ वळत जाणारा आ आता ट् च्या आधी होता. त्याच तिघांना पुन्हा ऐकवलं. तिघांनाही "पाट भरून वाहत होता" असंच ऐकू आलं, आणि भाचीने विचारलं, "काकू परत येऊन वाचून गेल्या का?"