पहिल्याच ट्रिपला भांडले, म्हणे!

आज शेजारी सत्यनारायण होता. नवं जोडपं केरळ-कन्याकुमारी करून दहा दिवसांनी परत आलंय. प्रसाद घेताना कुणीतरी पोरीला विचारलं, "मजा केली ना गं?" ती भाबडेपणाने म्हणाली, "हो काकू, पण मधे दोन दिवस आम्ही बोलतच नव्हतो." झालं! सगळ्या बायका एकदम "अगंबाई" म्हणाल्या, कुणी च्च् केलं, आणि तिच्या आईने सगळ्यांदेखत तिच्या दंडाला चिमटा काढला. मी पाहिलं. पोरीचा चेहरा एवढासा झाला. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

अरे, भांडणार नाहीत तर काय! दोन माणसं पहिल्यांदा आठ-दहा दिवस चोवीस तास एकत्र राहणार. ना आई मधे पडायला, ना ऑफिसला निघून जायची सोय, ना दार लोटून बसायला दुसरी खोली. माणसाच्या सवयी तिथे बाहेर पडणार नाहीत तर कुठे पडणार?

आमची पहिली मोठी ट्रिप २०११ सालच्या डिसेंबरातली. लग्नाला नऊ महिने झाले होते. दीडशे सीसीची बाईक, मागे रबरी दोऱ्यांनी आवळलेली एक बॅग, पुण्याहून ताम्हिणी घाटाने खाली उतरून किनाऱ्या-किनाऱ्याने मालवणपर्यंत. ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांना माहीत आहे, नकाशावर गाव बोटभर लांब दिसतं आणि मधे खाडी आडवी येते. फेरीबोट मिळाली तर दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे, नाहीतर डोंगराला वळसा. बाणकोटच्या खाडीला बोट लगेच मिळाली. दाभोळला नाही मिळाली.

त्या दिवशी मला हर्णैचा मासळीचा लिलाव बघायचा होता. तो दुपार कलल्यावर भरतो. होड्या आत उभ्या राहतात, बैलगाड्या पाण्यात शिरून माल किनाऱ्यावर आणतात आणि वाळूवरच ढीग मांडून बोली सुरू होते. नवऱ्याला मात्र उजेड असेपर्यंत दाभोळची खाडी ओलांडायची होती. तो सारखा घड्याळ बघत होता आणि मी मुद्दाम बघत नव्हते. पाच वाजता निघालो. अंतर फार नाही, पण त्या रस्त्याला तासाला पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर सरासरी पडतच नाही. वळणं, चढ, मधेच खडी. दाभोळच्या जेटीवर पोचलो तर बोटीची फळी उचललेली, आमच्या डोळ्यांदेखत ती निघाली. पुढची तासाभराने.

आता हा काय म्हणाला असेल? "चल, रस्त्याने जाऊ." रस्त्याने म्हणजे मागे दापोली, तिथून खेड, खेडवरून चिपळूण, मग गुहागर. शंभराच्या वर किलोमीटर, घाट, रात्र, बाईक! एक तास वाचवायला चार तास घालवायचे. मी ओरडले. तोही ओरडला, "तुझ्या त्या माशांपायीच झालं हे." मग मी गप्प झाले, आणि माझं गप्प होणं हे ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

त्या एका तासाने मला जे दाखवलं ते आधीच्या नऊ महिन्यांत दिसलं नव्हतं. ह्या माणसाला थांबता येत नाही. थांबलं की त्याला आपण हरलो असं वाटतं. चुकीच्या दिशेने का होईना, चाक फिरत असलं की त्याचा जीव शांत. घरी हे कळायला वावच नव्हता, तिथे हा उठून गाडी पुसायला जायचा. जेटीवर कुठे जाणार? तिकीट खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा, परत जायचा.

आणि माझं काय? हे त्याने नंतर सांगितलं, आणि खरं होतं म्हणूनच लागलं. मी सांगत नाही. सकाळच्या आंबोळीनंतर पोटात काही नव्हतं, कंबर दुखत होती, मागे बसून मांड्या बधिर झाल्या होत्या. पण मी एकदाही "थांब" म्हटलं नव्हतं. त्याने ओळखावं असं मला वाटायचं. हेल्मेट घालून पुढे बघणारा माणूस मागचीचा चेहरा कसा ओळखणार? घरात आई ओळखायची. तीच सवय मी बाईकवर घेऊन बसले होते.

आता लगेच म्हणाल, सगळीच भांडणं अशी नसतात. मान्य. ज्या माणसासोबत बोलायचीच भीती वाटते, जो परक्या गावात सोडून जायची धमकी देतो, ती गोष्ट वेगळी, तिथून सरळ घरी निघून यावं. पण हे त्यातलं नव्हतं, आणि त्या पोरीचंही नाही. आणि हो, गाडी-हॉटेल सगळं ठरवून मिळणाऱ्या टूरला आराम असतो, तेही मान्य. तिथे थांबायचं कुठे हे तिसराच ठरवतो, म्हणून भांडणही होत नाही आणि कळतही काही नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. जेटी डोळ्यांसमोर येतेय.

अंधार पडला होता. पलीकडे वीज प्रकल्पाचे दिवे लागले होते, त्याला तिथली माणसं अजून एन्रॉनच म्हणतात. पाण्यात त्या दिव्यांच्या लांब रेघा हलत होत्या. बोट आली. आमच्या पुढची गाडी रिव्हर्समध्ये चढवायला लावली, मग बाईकवाल्यांना खूण केली. लोखंडी फळी ओली, वर शेवाळाचा बुळबुळीतपणा. एरवी नवरा "बसून राहा, काही होत नाही" म्हणणारा. त्या दिवशी त्याने बाईक थांबवली, मान वळवली आणि म्हणाला, "तू उतर. सावकाश ये." मी उतरले, हेल्मेट हातात धरून कडेकडेने चालत वर गेले. तासाभरातलं ते पहिलं वाक्य.

पलीकडे धोपाव्याला उतरल्यावर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. मी खांद्यावर दोनदा थोपटलं की गाडी थांबवायची, का ते विचारायचं नाही. आणि जिथे खाडी आडवी येणार त्या दिवशी सकाळीच निघायचं, तिथे माझी कुरकुर चालणार नाही. दोन दिवसांनी तवसाळला जयगडच्या बोटीसाठी आम्ही वेळेच्या वीस मिनिटं आधी उभे होतो. खांद्यावरचं थोपटणं आज गाडीत शेजारी बसूनही चालतं. मुलीलाही माहीत आहे, आईने दोनदा थोपटलं की बाबा कडेला घेतात.

हे आईला कसं सांगायचं, जी पाहुण्यांसमोर पोरीला चिमटे काढते? लग्नाआधी पत्रिका बघितल्या, गुण जुळवले, पगार विचारला. पोराला वाट बघता येते का, पोरीला भूक लागली तर सांगता येते का, हे कुणी विचारलं? आणि ते कळायला लागलं की म्हणायचं गप्प बस, लोक काय म्हणतील! परत राग येतोय.

मी मग ताटल्या ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. ती एकटीच शिऱ्याच्या वाट्या भरत होती. विचारलं, काय झालं होतं गं? म्हणाली, कन्याकुमारीला तिला सूर्योदय बघायचा होता आणि हा उठलाच नाही. ती एकटी गेली, रडली, परत आली. दोन दिवस अबोला.

"मग?"

"मग वर्कलाला रात्री त्याने स्वतःच विचारलं, तिथे समुद्रात सूर्य उगवतो का मावळतो? मी म्हटलं, मावळतो. तर म्हणाला, बरं झालं, त्या वेळेला मी जागा असतो, उद्या जाऊ."

हे सांगताना ती हसत होती. बाहेरून आईने हाक मारली तशी वाट्यांचं ताट उचलून गेली.