दहा रुपयांचे सुट्टे आणि फुगलेलं उत्तर

«१, २ आणि ५ च्या नाण्यांत १० रुपये १२८ प्रकारांनी देता येतात. प्रोग्रॅममध्ये रकमेचा लूप बाहेर ठेवा किंवा नाण्यांचा, उत्तर तेच येतं. फक्त नाणी मोठ्यापासून लहान अशी घ्यायची, नाहीतर मोजणी चुकते.»

इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांतून हे सध्या फिरतंय. यातली तिन्ही विधानं चूक आहेत.

पहिलं विधान तपासायला कॉम्प्युटर लागत नाही. पाचचं नाणं एकही नसेल, तर दोनची नाणी शून्यापासून पाचपर्यंत कितीही घेता येतात आणि उरलेली रक्कम एकच्या नाण्यांनी भरायची. हे सहा प्रकार झाले. पाचचं एक नाणं असेल, तर उरलेल्या पाचांत दोनची शून्य, एक किंवा दोन नाणी बसतात, म्हणजे तीन प्रकार. पाचची दोन नाणी हा शेवटचा. एकूण दहा.

मग १२८ आले कुठून? ती संख्या हवेतली नाही, दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. सराफ्यातल्या दुकानदाराने पाच, दोन, दोन, एक अशी नाणी हातावर ठेवली काय किंवा आधी एक, मग दोन, मग पाच, मग दोन ठेवली काय, गिऱ्हाइकाला मिळालेले सुट्टे तेच. पण देण्याचा क्रमही मोजायचा ठरवला, तर या चार नाण्यांचेच १२ क्रम होतात. तसेच दहाही प्रकारांचे क्रम मोजा: पाचचं नाणं नसलेल्या सहा प्रकारांचे मिळून ८९, एक पाच असलेल्या तिघांचे ३८, आणि पाच-पाचचा १. बेरीज बरोबर १२८. नाणी एकामागून एक मशीनमध्ये टाकायची असतील आणि टाकण्याचा क्रम महत्त्वाचा असेल, तर हा आकडा योग्य. सुट्ट्यांसाठी नाही.

दुसरं विधान जास्त त्रासदायक, कारण चूक तिथेच जन्मते आणि प्रोग्रॅम कुरकुर न करता चालतो. सुट्ट्यांची मोजणी अशी:

```python
w = [1] + [0]*10
for c in (1, 2, 5):
    for s in range(c, 11):
        w[s] += w[s-c]
print(w[10])
```

`w[s]` म्हणजे आतापर्यंत हाताळलेल्या नाण्यांत `s` रुपये देण्याचे प्रकार. सुरुवातीला `w[0]` एक आहे, कारण शून्य रुपये देण्याचा एकच प्रकार: काहीच न देणं. एकचं नाणं संपल्यावर सगळीकडे १ येतो. दोनचं नाणं संपल्यावर `w[5]` ३ आणि `w[10]` ६ होतो. पाचच्या फेरीत आधी `w[5]` मध्ये `w[0]` मिळून ४ होतात, मग `w[10]` मध्ये हे ४ मिळून १० होतात. यातले ६ पाचच्या नाण्याशिवायचे, ४ किमान एक पाच असलेले. एका नाण्याची फेरी संपली की ते पुन्हा हाती घेतलं जात नाही, म्हणून प्रत्येक गट एकदाच मोजला जातो.

आता रकमेचा लूप बाहेर न्या:

```python
w = [1] + [0]*10
for s in range(1, 11):
    for c in (1, 2, 5):
        if s >= c:
            w[s] += w[s-c]
print(w[10])
```

छापलं जातं १२८. इथे प्रत्येक रकमेला «शेवटचं नाणं कोणतं?» हा प्रश्न नव्याने विचारला जातो, म्हणून एक-दोन आणि दोन-एक वेगळे धरले जातात. ओळखायची सोपी खूण: नाणी फक्त १ आणि २ ठेवून ३ रुपये मोजा. हाताने दोन प्रकार येतात, उलटलेला प्रोग्रॅम तीन सांगतो.

रक्कम वाढली की फरक अफाट होतो. आपल्याकडच्या १, २, ५, १० आणि २० च्या नाण्यांत १०० रुपयांचे सुट्टे ४,१११ प्रकारांनी होतात. क्रम धरून मोजलं तर वीस आकड्यांहून लांब संख्या निघते.

तिसऱ्याचं काम थोडक्यात होतं. पहिल्या प्रोग्रॅममध्ये `(1, 2, 5)` च्या जागी `(5, 2, 1)` किंवा `(2, 5, 1)` लिहून बघा, उत्तर १० च. मधले आकडे बदलतात, शेवटचा नाही. मोठं नाणं आधी घेण्याची सवय दुसऱ्या प्रश्नातून आली असावी: कमीत कमी नाण्यांत रक्कम कशी द्यायची? आपल्या नाण्यांना ती युक्ती लागू पडते. पण १, ३, ४ अशी नाणी असती, तर ६ साठी तिने ४, १, १ अशी तीन दिली असती, आणि ३, ३ ही दोनच पुरतात.