परवाच्या भेटीवर काल रात्री काढलेली तीन कार्डं

परवाची पहिली भेट छान झाली. तीन तास बोलत होतो. निघताना तो म्हणाला, "बोलू परत." कधी, ते नाही. काल रात्रीपर्यंत त्याचा मेसेज नव्हता, म्हणून टॅरोचा डेक काढला.

"तो मला परत भेटेल का?" हा प्रश्न मी मुद्दाम टाळला. त्याच्या मनातलं कार्डं सांगत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. तीन जागा आधीच कागदावर लिहिल्या: आमच्यात काय घडलं, मला काय दिसत नाहीये, आता माझ्या हातात काय आहे.

पहिलं आलं टू ऑफ कप्स. दोघं समोरासमोर, हातात पेले. पाहून जीव सुखावला. पण हे कार्ड बसलं होतं घडून गेलेल्या जागेवर. म्हणजे परवाची ओढ दोन्हीकडून होती, इतकंच. पुढचं वचन त्यात नाही. प्रेमाचं कार्ड दिसलं की आपण जागा विसरतो आणि तिथेच वाचन चुकतं.

दुसरं, टू ऑफ स्वोर्ड्स. डोळ्यांवर पट्टी, छातीवर दोन तलवारींची फुली, मागे समुद्र. आधी वाटलं, हा तोच, त्याचं ठरत नाहीये. पण जागा म्हणत होती "मला" काय दिसत नाहीये. मग आठवलं. कामासाठी कदाचित दुसऱ्या शहरात जावं लागेल, असं तो बोलता बोलता म्हणाला होता आणि मी लगेच विषय बदलला होता. पट्टी माझ्याच डोळ्यांवर होती. दोन्ही कार्डं दोन आकड्याची: पेल्यांत दोघं भेटतात, तलवारींत निर्णय अडकतो.

तिसरं, नाईट ऑफ कप्स. घोड्यावर स्वार, हातात पेला. हे आलं की "तो प्रेम घेऊन येणार" असं सर्रास वाचलं जातं. पण जागा माझ्या हातातल्या गोष्टीची, म्हणजे पेला घेऊन मीच जायचं. कार्डातल्या स्वाराचा घोडाही नीट बघा. नाईट ऑफ स्वोर्ड्सचा उधळलेला असतो, हा मात्र एक पाय उचलून संथ चालतो. म्हणजे जायचं, पण घाई करायची नाही.

तिन्हींत मेजर अर्कानाचं, म्हणजे आयुष्यातल्या मोठ्या वळणांचं मानलं जाणारं, एकही कार्ड नव्हतं. ७८ पैकी २२ मेजर, त्यामुळे असं घडणं अगदी साहजिक आहे. तरी मी ते असं वाचते की हा मामला नशिबाचा नाही, येत्या चार-आठ दिवसांतल्या साध्या वागण्याचा आहे.

चौथं कार्ड ओढायला हात शिवशिवत होता. मागे एकदा अशाच रात्री मनासारखं येईपर्यंत मी सात कार्डं काढली होती आणि शेवटी पहिल्या तिघांचा अर्थही हाती राहिला नव्हता. काल डेक बांधून ठेवला.

आज सकाळी त्याला लिहिलं: "परवा तू दुसऱ्या शहरात जाण्याबद्दल म्हणालास, तेव्हा मी विषय बदलला. त्याबद्दल ऐकायचं आहे. या आठवड्यात भेटूया का?"