आत माया ठेवा

वाढत्या अंगाचे कपडे ही आपल्याकडची जुनी काटकसर. पोराच्या गणवेशाचं माप देताना आई शिंप्याला बजावतेच, "आत चांगली चार बोटं माया ठेवा." मग पोरगं जूनमध्ये तंबू घालून शाळेत जातं आणि मार्चपर्यंत तो तंबू आखूड होतो. मधल्या काळात शिवण उसवली की भागतं.

हीच सोय झुरळाला नाही. त्याच्या छळाची मला अधूनमधून कीव येते. ती फार टिकत नाही, कारण तेवढ्यात ते डब्यांमागे पळालेलं असतं.

रात्री दोनला पाणी प्यायला उठून स्वयंपाकघरातला दिवा लावावा, तर ओट्याच्या कडेला पांढरंशुभ्र झुरळ. डोळे तेवढे काळे. घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, औषधाने रंग उडाला. दुसरा म्हणतो, ही नवीनच जात आली आहे. दोघंही चुकतात. झुरळ तेच आहे, फक्त पंधरा-वीस मिनिटांपूर्वी त्याने कपडे बदललेत आणि आपण दार न वाजवता आत शिरलोय.

हे कपडे म्हणजे त्याची कातडी आणि सांगाडा, दोन्ही एकच. सर्वांत वर मेणाचा हात दिलेलं एक अतिपातळ अस्तर, त्याला एपिक्युटिकल म्हणतात. त्यात कायटिन अजिबात नसतं. त्याचं मुख्य काम अंगातलं पाणी उडू न देणं. खाली एक्झोक्युटिकल, हा कडक थर. त्याखाली एंडोक्युटिकल, हा मऊ आणि लवचिक. सगळ्यांत आत जिवंत पेशींचा एकच पदर. वरचं सगळं याच पेशी शिवतात.

आता एक गैरसमज. कीटक कडक असतो तो कायटिनमुळे, असं बहुतेकांना वाटतं. कायटिन म्हणजे साखरेसारख्या रेणूंची लांब माळ, झाडाच्या सेल्युलोजची चुलत बहीण. तिचे धागे थरावर थर, प्रत्येक थर जरा फिरवून, प्लायवुडसारखे बसवलेले असतात. त्याने चिवटपणा येतो, पण कडकपणा नाही. सुरवंटाच्या मऊ अंगातही कायटिन भरपूर असतंच की. कडकपणा येतो तो धाग्यांभोवतीच्या प्रथिनांना एकमेकांशी रासायनिक टाके घातल्यावर. चामडं कमावतात तसाच हा प्रकार. याच कमावण्यात पांढऱ्याचं तपकिरीही होतं.

आणि इथेच गोची आहे. कमावलेला थर निर्जीव असतो. आपल्या हाडात जिवंत पेशी असतात, त्या हाड पोखरून पुन्हा बांधू शकतात. गोगलगाय शंखाच्या तोंडाशी नवी कड जोडत जाते. झुरळाच्या पेशी मात्र कवचाच्या आतल्या बाजूला कोंडलेल्या. त्या आतून थर जाड करू शकतात, रुंद नाही. म्हणजे शर्ट घट्ट होतोय म्हणून शिंप्याने आतून आणखी अस्तर लावण्यासारखं.

तरीही पिल्लू खातं, आणि वजन वाढतंच. ते जातं कुठे? पोटाच्या पट्ट्यांमध्ये न कमावलेलं मऊ कातडं घडी घालून ठेवलेलं असतं, ते ताणलं जातं. लग्नसराईतल्या पँटच्या कमरेचं इलॅस्टिक समजा. डोकं, छातीची ढाल, पाय मात्र जिथल्या तिथे. म्हणून झुरळाचं वजन रोज थोडं वाढतं, पण डोक्याची रुंदी कित्येक आठवडे केसभरही हलत नाही आणि मग एका रात्रीत उडी मारते. ही उडी साधारण किती? जीवशास्त्रज्ञ हान्स प्रझिब्राम यांनी प्रार्थनाकीटक पाळून १९१२ मध्ये एक ठोकताळा मांडला: दोन कातींमध्ये वजन दुप्पट होतं, म्हणून लांबी सुमारे १.२६ पट होते. सगळे कीटक हा नियम पाळत नाहीत. पण आपल्या मोरीतल्या मोठ्या तांबड्या झुरळाला लावून पाहा. अंड्यातून निघताना साधारण ४ मिलिमीटर, मोठं झाल्यावर ३८ च्या आसपास, म्हणजे साडेनऊ पट. १.२६ ला स्वतःनेच गुणत गेलं तर दहाव्या गुणाकाराला दहा पट होतं. प्रत्यक्षातही हे झुरळ बहुधा दहा ते तेरा वेळा कात टाकतं. शिंप्याचा हिशोब इतका जुळलेला मी तरी पाहिला नाही.

कात टाकण्याची तयारी बाहेरून दिसत नाही. आधी पेशींचा पदर जुन्या कवचापासून सुटतो. मधल्या फटीत एक द्रव ओतला जातो. त्यात जुनं कवच पचवणारी विकरं असतात, पण अजून झोपवलेली. कारण आधी नव्या कवचाचं वरचं अस्तर अंथरायचं असतं. ते नसताना विकरं जागी झाली, तर जुन्याबरोबर नवंही विरघळेल. अस्तर झालं की विकरं उठतात आणि जुनं एंडोक्युटिकल खालून खात सुटतात. विरघळलेला माल पेशी परत आत ओढून घेतात. कमावलेलं एक्झोक्युटिकल मात्र त्यांना पचत नाही, तेच पुढे टाकून द्यायचं.

नवं कवच जुन्यापेक्षा मोठं, पण शिवायचं जुन्याच्या आतच. म्हणून ते चुण्या-चुण्यांनी घातलेलं असतं. माया इथे आहे! फक्त ती दर कातीला एकदाच, तासाभरासाठी उघडते.

मग झुरळ हवा गिळायला लागतं आणि रक्ताचा दाब वाढवतं. डोक्या-छातीवर मधोमध एक रेघ असते, तिथे कडक थर मुळातच घातलेला नसतो. खालचा थर पचून गेल्यावर तिथे नुसतं अस्तर उरतं. ते फाटतं आणि झुरळ पाठीतून बाहेर येतं. पायांचे मोजे निघतात, मिशांची खोळ निघते, शिवाय अन्ननळीचं आणि श्वासनळ्यांचं आतलं अस्तरही. स्वेटर काढताना गंजी सोबत येते, तसं. पुढे हवेच्या जोरावर चुण्या पसरतात, बर्सिकॉन नावाचं संप्रेरक कमावण्याचा हुकूम देतं आणि काही तासांत रंग चढतो. मऊ थर पुढे कित्येक दिवस आतून भरत राहतो.

बिघाड होतो तो याच तासाभरात. पाय मोज्यात अडकला, तर वाकडाच कडक होतो. शेवटच्या कातीला पंख पसरण्याआधी कुणी हुसकावलं, तर ते चुरगळलेलेच राहतात. डायफ्लुबेन्झ्युरॉनसारखी औषधं याच गाठीवर बसतात: कायटिन बनू देत नाहीत. पिल्लू आज धडधाकट पळतं आणि पुढच्या कातीला अर्ध्यात अडकून मरतं. म्हणून "औषध मारलं, तरी फिरतायत" ही तक्रार पहिल्या दिवशी करू नये. आणि मोठ्या पंखवाल्या झुरळाला याने मारण्याची वाट बघू नये. ते कात टाकतच नाही, कारण कात टाकण्याचा हुकूम सोडणारी छातीतली ग्रंथी मोठेपणी विरून जाते.

पिल्लाचा तुटलेला पाय मात्र पुढच्या कातींमध्ये परत येतो, जरा लहान. ओळखायची खूण म्हणजे पावलाची पेरं मोजायची. मूळ पायाला पाच असतात, नव्याला चार. भिंग लागेल, आणि झुरळ स्थिर हवं.

राहिली टाकलेली कात. सिलिंडरमागे एखादीच सापडते, पाठीवर फाटलेली, पोकळ, मिशांसकट. बाकीच्या सापडत नाहीत. त्या झुरळानेच खाल्लेल्या असतात.