डोळ्यांखाली ‘घाण रक्त’ साचत नाही

“जागरण झालं की डोळ्यांखाली घाण रक्त साचतं, तेच काळं दिसतं. थंड चमचा ठेवा, रात्री लिंबू आणि टूथपेस्ट लावा, तीन दिवसांत कायमचं जाईल. नाहीतर चांगला कन्सीलर सगळं झाकतो.”

हा मेसेज भाचीने मला पाठवला, खाली प्रश्न: “मावशी, आज रात्री लावू का?” अजिबात नाही! पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, शरीरातली सगळ्यात पातळ. तिथे लिंबासारखं तीव्र आम्ल आणि टूथपेस्टमधला साबण, मेन्थॉल, घासणारी पूड रात्रभर ठेवायची? आग होते, त्वचा लाल होऊन सोलते, आणि सावळ्या त्वचेवर दाह ओसरला की मागे तपकिरी डाग उरतो, तो महिनोन्‌महिने जात नाही. म्हणजे नसलेलं काळेपण आपण स्वतः तयार करायचं. लिंबाचा रस राहिलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे चट्टेही उठू शकतात.

घाण रक्ताचं म्हणाल, तर तिथलं रक्त इतर ठिकाणच्यासारखंच असतं. पातळ त्वचेतून खालच्या शिरा आणि स्नायू निळसर-जांभळे दिसतात, एवढंच. स्टॉकहोमच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१३ साली ‘स्लीप’ या नियतकालिकात आला. त्यांनी १० जणांचे फोटो आठ तासांच्या झोपेनंतर आणि ३१ तासांच्या जागरणानंतर काढून ४० जणांना दाखवले. जागरणाच्या फोटोंत त्यांना वर्तुळं जास्त गडद, डोळे सुजलेले आणि त्वचा फिकट वाटली. यातलं फिकटपण आणि सूज महत्त्वाची. आजूबाजूचा चेहरा उतरला की तोच निळसरपणा उठून दिसतो आणि फुगलेल्या भागाची सावली खालच्या खाचेत पडते.

थंड चमच्याचं मान्य, सूज थोडा वेळ उतरते. पण तेवढंच.

आता कन्सीलर. तो रंग झाकतो, सावली नाही. भाचीला मी आरसा घेऊन खिडकीसमोर उभं केलं. उजेड समोरून आला तेव्हा खाचेची काळी रेघ जवळजवळ गेली, आतल्या कोपऱ्याजवळचा निळसरपणा मात्र राहिला. म्हणून फक्त त्या निळसर भागावर निळा रंग मारणाऱ्या पीच रंगाच्या करेक्टरचा पातळ थर बोटाने थोपटून लावला आणि वर त्वचेच्याच छटेचा थोडा कन्सीलर. सावळ्या रंगाला पीचऐवजी नारिंगीकडे झुकणारी छटा लागते. थेट उजळ कन्सीलर लावला की निळ्यावर राखाडी दिसतो, आणि फुगलेल्या भागावर लावला तर फुगवटा आणखी पुढे येतो. जाड थर दिला तर तासाभरात बारीक सुरकुत्यांत जाऊन बसतो. तिचा निळसरपणा बराच दबला. खाच तशीच राहिली, छतावरच्या दिव्याखाली ती दिसणारच.