नद्या गोड, समुद्र खारट: अर्ध्या उत्तरावर थांबू नका

समुद्र खारट का, असं कुणी विचारलं की आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर तयार असतं. पाऊस खडकांतले क्षार विरघळवतो, नद्या ते समुद्रात नेतात, पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं आणि कोट्यवधी वर्षं हेच चालू असल्याने समुद्र खारट झाला. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. हे उत्तर मुलं घडाघडा म्हणतात आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही ते अर्धं उत्तर आहे असं माझं ठाम मत आहे. उरलेल्या अर्ध्या भागात खरी गंमत आहे, आणि नेमकी तीच आपण मुलांपर्यंत पोचू देत नाही.

आधी सोपा भाग. जगातल्या नद्यांची सरासरी काढली तर एका लिटर पाण्यात जेमतेम १०० ते १२० मिलिग्रॅम क्षार असतात. त्यातलं आपलं स्वयंपाकघरातलं मीठ, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, दहा-पंधरा मिलिग्रॅम. जिभेला खारटपणा कळायला लिटरमागे अर्धा-एक ग्रॅम मीठ लागतं. म्हणून नदी गोड लागते. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीचं पाणी आटवलं की समुद्राचं पाणी होणार, असं आपण इथे मनाशी धरून चालतो.

ते तसं होत नाही. नदीच्या क्षारांत निम्मा वाटा बायकार्बोनेटचा असतो आणि धातूंमध्ये पहिला नंबर कॅल्शियमचा. जागतिक सरासरीने लिटरमागे कॅल्शियम १५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि क्लोराइड ७. म्हणजे कॅल्शियम दुप्पट. समुद्रात मात्र चित्र उलटं: क्लोराइड १९ ग्रॅम आणि कॅल्शियम अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. जे नदीत दुप्पट होतं ते समुद्रात क्लोराइडच्या सत्तेचाळिसाव्या हिश्श्यावर आलं. नुसतं आटवून असं होऊच शकत नाही. आटवल्याने सगळंच सारख्या प्रमाणात वाढायला हवं.

घरी बोअरचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं. लिटरभर पाणी स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर आटवा. शेवटी तळाशी पांढरट, चिकटून बसलेला थर राहील, गीझरच्या कॉइलवर बसतो तोच. त्यावर लिंबाचा रस पिळा. बारीक बुडबुडे येतील. तो कार्बन डायऑक्साइड आहे आणि तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याच्या दगडाचा. आता समुद्राचं पाणी तसंच आटवा. हातात येतं ते खरंखुरं मीठ, शिवाय थोडं कडवट, आणि पावसाळी हवेत पाणी सुटणारं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. दोन पातेली शेजारी ठेवली तर पोरं आपणहून विचारतात, 'मॅडम, मग नदीतला चुना गेला कुठे आणि समुद्रात मीठ आलं कुठून?' हे दोन प्रश्न पडले की अभ्यास सुरू झाला.

नदीचं पाणी खरोखरच फक्त आटत राहिलं तर काय होतं, हे बघायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर बघा. काळ्या बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर. आत गोड्या पाण्याचे झरे येतात. वरच्या अंगाला बारमाही वाहणारी गोमुखाची धार लोक पितात, तिच्यात आंघोळ करतात. पाणी बाहेर पडायला मात्र वाटच नाही. जाणार ते फक्त वाफ होऊन. म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या उत्तराचा हुबेहूब प्रयोग निसर्गाने मांडून ठेवला आहे. आणि निकाल? सरोवराचं पाणी क्षारयुक्त आहेच, त्यात मीठही बऱ्यापैकी आहे, पण त्याची खरी ओळख म्हणजे सोडा. सामू दहाच्या आसपास. बोट बुडवून चोळलं तर साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागतं. पूर्वी इथून सोड्याचे क्षार काढून विकले जात.

असं का झालं ते समजायला फार रसायनशास्त्र लागत नाही. पाणी आटू लागलं की आधी कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकत्र येऊन चुना होऊन तळाशी बसतात. बेसाल्टमधून येणाऱ्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असतं. सगळं कॅल्शियम संपलं तरी ते उरतं. मग ते उरलेलं बायकार्बोनेट सोडियमच्या जोडीला राहतं आणि तयार होतो धुण्याचा सोडा. १९६७ साली रॉबर्ट गॅरल्स आणि फ्रेड मॅकेन्झी या अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी कागदावर, म्हणजे गणिताने, आटवत नेलं. त्यांच्याही हाती समुद्र लागला नाही, सोड्याचं सरोवर लागलं. नद्यांनी खडकांतून आणलेल्या क्षारांवरच भागलं असतं तर समुद्राचं पाणी आज लोणारसारखं असतं.

मग समुद्रात एवढं क्लोराइड आलं कुठून? खडकांत क्लोरीन फारच थोडं असतं. बेसाल्ट किंवा ग्रॅनाइट कितीही झिजवा, समुद्राचा हिशोब जुळत नाही. ते आलं पृथ्वीच्या पोटातून, ज्वालामुखींच्या वायूंमधून. त्या वायूंत हायड्रोजन क्लोराइड असतं, ते पाण्यात विरघळलं की हायड्रोक्लोरिक आम्ल. पृथ्वी तरुण असताना हे वायू भरपूर बाहेर पडले आणि समुद्र तयार होत असतानाच त्यात उतरले. त्या आम्लाने खडक खाल्ले, खडकांनी सोडियम दिलं. म्हणजे समुद्र आधी गोड होता आणि नद्यांनी त्याला हळूहळू खारट केला, हे आपल्या मनातलं चित्रच बदलायला हवं. तो बहुधा सुरुवातीपासूनच खारट होता.

आज नद्या जे क्लोराइड समुद्रात नेतात त्यातला मोठा भाग तर समुद्राचाच असतो. कोकणात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. लाटा फुटल्या की खारे तुषार वाऱ्यावर चढतात, खिडकीचे गज गंजतात, आणि तेच बारीक कण पावसाबरोबर सह्याद्रीवर पडतात. मग सावित्री, वाशिष्ठी ते घेऊन परत खाली येतात. नदीने आणलेलं मीठ म्हणून आपण जे मोजतो, त्यातलं बरंचसं असं घरी परतणारं असतं.

आता चुन्याचं काय झालं. नद्या वर्षाला अंदाजे ३७ हजार घनकिलोमीटर पाणी समुद्रात ओततात. समुद्राचं एकूण पाणी सुमारे १३३ कोटी घनकिलोमीटर. म्हणजे रिकामा समुद्र नद्यांनी भरायला ३६ हजार वर्षं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम नदीच्या साधारण २७ पट आहे, म्हणजे तेवढं जमायला दहा लाख वर्षं पुरेत. समुद्राचं वय चारशे कोटींच्या आसपास! मग बाकीचं कॅल्शियम कुठे आहे? शिंपल्यांत, प्रवाळांत आणि फोरामिनिफेरा नावाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांच्या कवचांत. ते मरतात, कवचं तळाशी साचतात, त्यांचा चुनखडक होतो. नदी आणते तेवढ्याच वेगाने समुद्र कॅल्शियम बाहेर टाकत असतो. मॅग्नेशियमची वाट आणखी वेगळी. समुद्रतळाच्या भेगांतून पाणी आत मुरतं, तापलेल्या बेसाल्टमधून फिरतं आणि जवळजवळ सगळं मॅग्नेशियम तिथेच ठेवून गरम झऱ्यांतून बाहेर येतं. असे झरे पहिल्यांदा माणसाने पाहिले ते १९७७ साली, गालापागोस बेटांजवळ.

क्लोराइडला असा गिऱ्हाईक नाही. कवचात ते लागत नाही, चिकणमातीला ते फारसं धरत नाही, आणि चटकन कशाशी जोडी जमवून तळाशीही बसत नाही. म्हणून ते पाण्यात टिकतं. वरच्याच पद्धतीने हिशोब केला तर एवढं क्लोराइड जमायला दहा कोटी वर्षं लागतात. खूप झाली, पण समुद्राच्या वयापुढे तीही थोडीच. बाहेर जायची वाट नसती तर आज चाळीसपट मीठ असतं. पाण्यात दहापटीहून जास्त मावतच नाही. समुद्राचं मिठागर झालं असतं.

वाट आहे, फक्त ती क्वचित उघडते. समुद्राचा एखादा फाटा जमिनीच्या हालचालीने तुटतो, कडक उन्हात आटतो, मिठाचे थर साचतात आणि वरून गाळ पडून गाडले जातात. साठ ते त्रेपन्न लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राची जिब्राल्टरकडची वाट जवळजवळ बंद झाली होती. १९७० साली ग्लोमार चॅलेंजर या जहाजाने तळाला भोकं पाडली तेव्हा त्या काळातल्या क्षारांचे थर हाती लागले. काही ठिकाणी ते किलोमीटरहून जाड आहेत. अंदाज असा की तेव्हाच्या जगातल्या समुद्रांच्या मिठापैकी विसावा हिस्सा त्या एका खोऱ्यात अडकला.

आणि उपासाला आपण जे सैंधव वापरतो तेही असंच. पाकिस्तानातल्या खेवडाच्या खाणीतलं मीठ पन्नास कोटी वर्षांहून जुन्या समुद्राचं आहे. त्या डोंगररांगेतले काही ओढे आजही खारट वाहतात आणि झेलम-सिंधूवाटे ते मीठ पुन्हा अरबी समुद्राला मिळतं.

या बाहेर जाणाऱ्या वाटा विसरल्यावर काय होतं त्याचं उदाहरण इतिहासात आहे. एडमंड हॅले, तोच धूमकेतूवाला, याने १७१५ साली सुचवलं होतं की पाण्याचा खारटपणा किती वाढतो ते मोजून पृथ्वीचं वय काढता येईल. १८९९ साली आयर्लंडच्या जॉन जोली यांनी ते सोडियमवरून काढून दाखवलं: आठ-नऊ कोटी वर्षं. गणित शाबूत होतं. पण एकदा समुद्रात गेलेलं सोडियम तिथेच राहतं, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पृथ्वीचं वय ४५० कोटींच्या पुढे आहे. जोलींनी मोजलं ते वय नव्हतंच. सोडियमचा एक कण समुद्रात सरासरी किती काळ मुक्काम करतो, साधारण तेवढा तो आकडा होता. आपलं पाठ्यपुस्तकी उत्तर मुलांना जोलींच्या त्याच गृहीतकावर सोडून देतं, याचं मला वाईट वाटतं.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, दोन पातेल्यांचा प्रयोग वर्गात जरूर करा. किनाऱ्यापासून लांब असाल तर लिटरभर समुद्राचं पाणी कुणाकडून तरी मागवा. विहिरीचं किंवा नदीचं पाणी गावाच्या सांडपाण्यापासून लांबच्या ठिकाणचं घ्या, नाहीतर आपण वापरलेलंच मीठ नदीच्या खात्यात मोजलं जाईल. तुमच्याकडच्या विहिरीच्या थराला लिंबाने किती फेस आला ते खाली कमेंटमध्ये लिहा, खडक कोणता आहे तेही लिहा. कोकणातला जांभा आणि देशावरचा काळा दगड यांत फरक दिसेल असं मला वाटतं.